14 वरून 8: ग्राहकाच्या अभिप्रायाची एक स्लाइड

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यासाठी ही स्लाइड तयार केली. कारखान्याला हॉटेलं आणि मोठे लॉज यांच्या खरेदी करणाऱ्यांसमोर माल मांडायचा होता. विणकाम, सूत, वजन, दर हे सगळं इतर स्लाइडवर होतंच. या एका स्लाइडचं काम वेगळं होतं: माल वापरणाऱ्या माणसाचं एक वाक्य, त्याचा फोटो आणि मालामुळे काय फरक पडला ते सांगणारा एक आकडा. ग्राहक होता पंढरपूरचा एक लॉज, आणि बोलणाऱ्या होत्या तिथल्या खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या ताई.

अशा स्लाइडची सुरुवात बहुतेक जण फोटोपासून करतात. आम्ही आकड्यापासून करतो, कारण आकडा ठरला की वाक्यात काय असायला हवं आणि काय नको, हे आपोआप ठरतं. लॉजमालकांचा पहिला निरोप होता, “तुमचे टॉवेल निम्म्यानं कमी फाटतात.” ऐकायला छान, पण स्लाइडवर चालणार नाही. समोरचा लगेच विचारणार, निम्म्यानं म्हणजे किती, कशाच्या तुलनेत, किती दिवसांत? म्हणून निरोपावर न थांबता लॉजचं रजिस्टर मागितलं.

रजिस्टरमध्ये दोन गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या होत्या, आणि तिथेच काम सोपं झालं. एक रकाना ‘बाद’, म्हणजे कड उसवलेले, फाटलेले, पुसायला काढलेले टॉवेल. दुसरा ‘गहाळ’, म्हणजे पाहुण्यांच्या पिशवीतून गेलेले किंवा धोब्याकडून परत न आलेले. मालाच्या टिकाऊपणाशी फक्त पहिल्याचा संबंध आहे. पुष्कळ ठिकाणी या दोहोंची एकच बेरीज ठेवतात, आणि मग आकडा मालाबद्दल बोलतो की चोरीबद्दल, ते कळत नाही. तशी बेरीज हाती आली तर ती स्लाइडवर घालूच नये. पुढचे सहा महिने वेगळी नोंद ठेवायला सांगावं आणि तोवर थांबावं.

मग काळ ठरवायचा होता. लॉज दरवर्षी जूनच्या सुरुवातीला 300 पांढरे टॉवेल एकदम वापरात काढतो. 2023 ची खेप दुसऱ्याकडची होती, 2024 ची या कारखान्याची. म्हणजे नव्याची तुलना नव्याशी करता येत होती. जुना, वर्षभर घासलेला टॉवेल आणि कोरा टॉवेल शेजारी ठेवून “बघा, किती कमी फाटतात” म्हणण्यात काही अर्थ नसतो, कारण कोरा माल पहिले काही महिने कुणाचाही टिकतो.

हिशेबनिसांनी जुलै ते डिसेंबर असा अर्ध्या वर्षाचा उतारा काढून दिला होता. तो बाजूला ठेवावा लागला, आणि कारण पंचांगात आहे. 2023 साली आषाढी एकादशी 29 जूनला होती, 2024 साली 17 जुलैला. म्हणजे जुलैपासून मोजलं तर 2023 च्या सहा महिन्यांतून आषाढीची बहुतेक गर्दी बाहेर राहते आणि 2024 च्या सहा महिन्यांत ती पूर्ण येते. पंढरपुरातल्या लॉजला वर्षातली सगळ्यात जास्त धुलाई त्या दिवसांत असते. इथे चूक कारखान्याच्याच विरोधात गेली असती, पण एखाद्या वर्षी ती बाजूनेही जाऊ शकते, आणि दोन्ही वेळा आकडा तितकाच खोटा. जून ते नोव्हेंबर घेतलं तर दोन्ही वर्षांच्या आषाढी आणि कार्तिकी दोन्ही आत येतात. कार्तिकी एकादशी 2023 ला 23 नोव्हेंबर आणि 2024 ला 12 नोव्हेंबर अशी होती. तिथीवर चालणारा धंदा असेल तर इंग्रजी महिने जुळवण्याआधी सण आत येतात का, हे बघावंच लागतं.

शेवटची खात्री धोब्याच्या चलनांवरून केली. टॉवेल कमी वापरले गेले म्हणून कमी फाटले, असंही असू शकतं. दोन्ही वर्षांच्या चलनांची बेरीज केली तेव्हा 2023 ला सहा महिन्यांत 21 हजारांच्या आसपास नग धुवायला गेले होते, 2024 ला 22 हजारांच्या आसपास. म्हणजे नवा माल उलट थोडा जास्तच धुतला गेला होता. आता तुलना बोलण्यासारखी झाली.

आकडे असे होते. 2023 च्या खेपेतले 300 पैकी 42 टॉवेल बाद झाले, 2024 च्या खेपेतले 300 पैकी 24. हे तीन प्रकारे मांडता येतं. 42 चे 24 झाले म्हणजे घट 18, आणि 18 ला 42 ने भागलं की जवळपास 43 टक्के. शेकड्यात बघायचं तर 100 मागे 14 होते ते 8 झाले. किंवा नुसतं ‘18 टॉवेल वाचले’. कारखान्याच्या विक्री विभागाला 43 टक्के हवे होते, कारण तो आकडा मोठा दिसतो, आणि गणित म्हणून तो बरोबरही आहे. पण ‘43% घट’ वाचून सुरुवातीला किती होते ते कळत नाही. 100 मधले 80 फाटत होते की 4, हे झाकलेलं राहतं, आणि खरेदी करणारा नेमकं तेच विचारतो. शिवाय 14 मधून 8 वजा करून कुणीतरी ‘6% घट’ असं लिहून बसतो आणि एकाच सादरीकरणात दोन वेगळे आकडे फिरू लागतात. ‘14 वरून 8’ यात सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसतात, आणि 500 खोल्यांचं हॉटेल असो की 40 खोल्यांचा लॉज, ऐकणारा मनात आपला हिशेब मांडू शकतो. म्हणून तोच घेतला. तो वाचायला एकच घटक आहे, त्यामुळे ‘एका स्लाइडवर एक आकडा’ हा नियमही मोडत नाही. ‘निम्म्यानं कमी’ मात्र कुठेच आलं नाही, कारण ते खरं नव्हतं.

आकडा ठरल्यावर ताईंशी फोनवर बोललो, आधी विचारून बोलणं रेकॉर्ड केलं. “आमचे टॉवेल कसे वाटले?” असं विचारलं की “छान आहेत, सगळे खूश आहेत” इतकंच येतं, आणि ते वाक्य टॉवेललाही चालतं आणि टीव्हीलाही. म्हणून तीनच गोष्टी विचारल्या: आधी नेमका त्रास काय व्हायचा, आता रोजच्या कामात काय बदललं, आणि अजून काय खटकतं. ताईंचं उत्तर असं होतं:

“आधीचे होते ना, दिसायला चांगले होते, पण दोन-तीन महिन्यांत कड उसवायची. धोबी म्हणायचा तुमचाच माल कच्चा. आता तसं नाही. आता आषाढीच्या गर्दीत रोज धुवून पण कड सुटत नाही. मग मला मधेच नवीन मागवायची धावपळ नाही. बाकी, पांढरा जरा पिवळट पडतो, ते सांगितलंच होतं मी.”

यातून स्लाइडवर घेतलं ते हे:

“आषाढीच्या गर्दीत रोज धुवून पण कड सुटत नाही. मधेच नवीन मागवायची धावपळ नाही.”

सुरुवातीचं ‘आता’ आणि मधलं ‘मग मला’ गाळलं, बाकी शब्द आणि त्यांचा क्रम त्यांचाच. गाळायला हरकत नाही, भर घालायला आहे. ‘धुवून पण’ चं ‘धुतल्यानंतरसुद्धा’ करावं, ‘धावपळ’ काढून ‘गैरसोय’ घालावी, असा आग्रह झाला होता. तसं केलं की वाक्य जाहिरातीचं होतं आणि ताईंचा आवाज जातो. वाचणाऱ्याला तो फरक सांगावा लागत नाही, लगेच जाणवतो. आणखी एक पाहिलं: वाक्यात आकडा नाही. आकडा शेजारी मोठ्या अक्षरात आहेच, तो वाक्यात पुन्हा आला की एकच गोष्ट दोनदा वाचल्यासारखी होते. आकडा किती ते सांगतो, वाक्यानं कामात काय बदललं ते सांगायचं. पिवळट पडण्याची तक्रार या स्लाइडवर येणार नव्हती, पण ती ऐकल्यावर दुसऱ्या स्लाइडवरचं ‘शुभ्रता कायम’ हे वाक्य कारखान्यानं काढलं. ते काढलं नसतं तर ताईंची अर्धी गोष्ट वापरून दुसऱ्या अर्ध्याच्या उलट दावा केला असता.

वाक्य किती लांब असावं? इथे 13 शब्द आहेत. बोलणारा स्लाइड दाखवून पुढे बोलू लागतो, तेवढ्या वेळात दोन ओळी वाचून होतात, तीनपर्यंत चालतं. चौथी ओळ आली की लोक वाचत राहतात आणि बोलणाऱ्याचं ऐकत नाहीत.

फोटो लॉजमधल्या धुतलेल्या कपड्यांच्या खोलीत काढला, मागे घडी केलेल्या टॉवेलांची फळी. जागा योग्य होती, पण पांढऱ्या टॉवेलांमुळे फोनचा कॅमेरा सगळंच जास्त उजळ आहे असं समजतो आणि चेहरा काळवंडतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून फोकस धरला आणि उजेडाची पट्टी थोडी वर सरकवली की चेहरा नीट येतो, टॉवेल जरा जास्त पांढरे झाले तरी बिघडत नाही. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करून खिडकी बाजूला येईल असं उभं केलं, नाहीतर डोळ्यांखाली सावल्या पडतात. फोन दीड-दोन मीटर लांब धरून 2x वर काढला. जवळून साध्या लेन्सनं काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात.

पहिले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले होते, 1200 × 1600 पिक्सेलचे. पूर्ण स्लाइड पडद्यावर साधारण 1920 × 1080 पिक्सेलची असते आणि फोटोसाठी डावीकडचा एक तृतीयांश भाग ठेवला होता, म्हणजे 640 × 1080. आकडे बघून पुरेल असं वाटतं. पण फोटोत ताई पायापर्यंत दिसत होत्या आणि आपल्याला हवं होतं कमरेपासून वर. निम्मं कापलं की उंचीला 800 पिक्सेल उरतात, ते 1080 वर ताणले की चेहरा मऊ, पुसट दिसतो. तेच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवले तेव्हा मूळ 3000 × 4000 चे आले आणि कापूनही उंचीला 2000 उरले. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये `File > Options > Advanced` मध्ये `Do not compress images in file` ला खूण केली, नाहीतर सेव्ह करताना तो पुन्हा फोटो लहान करू शकतो.

चौकटीत बसवताना फोटो बाजूच्या हँडलनं ओढायचा नाही, चेहरा रुंद होतो. कोपऱ्यातून मोठा करायचा आणि `Crop` नं कापायचा. डोळे वरून एक तृतीयांशावर ठेवले. ताई किंचित उजवीकडे बघत होत्या, म्हणजे मजकुराकडे, ते बरं झालं. उलट बघत असत्या तर फोटो आडवा उलटवण्याचा मोह होतो. तो आवरावा: पदर उजव्या खांद्यावर जातो, मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी होतात आणि ओळखीच्या माणसाला चेहरा वेगळाच वाटतो. त्यापेक्षा फोटो उजवीकडे आणि मजकूर डावीकडे घ्यावा.

आता मांडणी. स्लाइड 33.87 × 19.05 सेंटिमीटर. डावीकडे 11.3 सेंटिमीटर रुंद फोटो, वरपासून खालपर्यंत, कडेला जागा न सोडता. फोटो आणि मजकूर यांच्यात दीड सेंटिमीटर मोकळं. उजवीकडे वर आकडा: ‘14’ आणि ‘8’ 96 पॉइंटात, मधलं ‘वरून’ 36 मध्ये, ‘14’ करडा आणि ‘8’ गडद निळा. बाण टाकला नाही. बऱ्याच देवनागरी फाँटमध्ये बाणाची खूण नसते, मग ती दुसऱ्या फाँटमधून येते आणि जाडी जुळत नाही. शिवाय खाली जाणारा बाण काहींना तोट्याचा वाटतो. ‘वरून’ वाचायला सोपं आहे. त्याखाली 20 पॉइंटात ‘दर 100 टॉवेलमागे बाद झालेले’. मग मोकळी जागा सोडून 28 पॉइंटात वाक्य, त्याखाली 18 मध्ये ताईंचं नाव, हुद्दा आणि गाव. तळाशी 14 पॉइंटात एक ओळ: ‘जून ते नोव्हेंबर, 2023 आणि 2024, दर वर्षी 300 टॉवेल, गहाळ धरलेले नाहीत’. ही ओळ बारीक आहे म्हणून काढून टाकावी असं कुणीतरी सुचवतंच. ती ठेवावी, आकड्यावरचा विश्वास तिच्यावर उभा असतो.

वाक्य 36 पॉइंटात आणि आकडा 60 मध्ये करून पाहिला होता. दोन्ही सारख्याच जोरानं बोलू लागतात आणि डोळा कुठे आधी जायचं ते ठरवू शकत नाही. एकाला पुढे करावंच लागतं. खरेदी करणाऱ्यांसमोर आकडा पुढे हवा. हीच स्लाइड प्रदर्शनात स्टॉलवरच्या टीव्हीवर फिरणार असती तर वाक्य आणि चेहरा पुढे केला असता, कारण जाणारा-येणारा आधी चेहऱ्याकडे बघतो.

उजव्या खालच्या कोपऱ्यात भौगोलिक मानांकनाची खूण, आयएसओचं चिन्ह आणि कारखान्याचा फोटो घालायचा आग्रह होता. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना मानांकन आहे ही अभिमानाचीच गोष्ट, पण ती कारखान्याच्या ओळखीच्या स्लाइडवर शोभते. इथे बोलणारी व्यक्ती ग्राहक आहे, तिच्या स्लाइडवर विक्रेत्याची चिन्हं गर्दी करू लागली की तिचं बोलणंही विक्रेत्याचंच वाटतं.

देवनागरीचे काही हट्ट सांभाळावे लागले. फाँट ‘मुक्त’ घेतला, मोफत मिळतो आणि त्यात बारीकपासून जाडपर्यंत वजनं आहेत. अवतरण आहे म्हणून अक्षरं तिरकी केली नाहीत. देवनागरीत तिरकं बहुतेक वेळा संगणकानं नुसतं ढकललेलं असतं, काना आणि वेलांटी विचित्र झुकतात. वेगळेपणा दाखवायला अवतरणचिन्हं आणि आकारमान पुरतं. अक्षरांमधलं अंतर वाढवलं नाही, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर 1.2 ठेवलं, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना भिडतात. ओळ कुठे तुटावी ते `Shift+Enter` नं स्वतः ठरवलं: ‘आषाढीच्या गर्दीत रोज धुवून पण’ एका ओळीत, ‘कड सुटत नाही.’ दुसऱ्या, आणि धावपळीचं वाक्य तिसऱ्या. संगणकावर सोडलं तर ‘नाही’ एकटा खाली पडतो आणि घाईत वाचणारा ‘कड सुटत’ इथेच थांबतो.

कारखान्याकडचा जुना मजकूर डीटीपीवाल्यानं युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये दिला होता. तो फाँट नसलेल्या संगणकावर असा मजकूर इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. तो पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केला, `File > Options > Save` मध्ये `Embed fonts in the file` ला खूण केली आणि सोबत पीडीएफही ठेवली.

पाहणी दोन ठिकाणी केली. प्रोजेक्टरवर करडा ‘14’ जवळजवळ नाहीसा झाला, खोलीत उजेड होता. करडा दोन छटा गडद केला. दुसरी पाहणी फोनवर, कारण सादरीकरण संपलं की पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवरच जाते. फोन उभा धरला की पडद्याची रुंदी सुमारे 6.8 सेंटिमीटर असते, म्हणजे स्लाइड पाचपट लहान होते आणि 28 पॉइंटचं वाक्य साडेपाच पॉइंटचं. तळाची ओळ तर तीन पॉइंटाखाली जाते. अक्षर वाढवून हे सुटत नाही. फोनसाठी 1080 × 1080 ची चौकोनी प्रत वेगळी केली: वर फोटो, खाली आकडा, त्याखाली वाक्य. तळाची ओळ त्यातही ठेवली, फक्त दोन ओळींत.

छापण्याआधी पूर्ण झालेली स्लाइड, दोन्ही आकारांत, ताईंना आणि लॉजमालकांना पाठवली. परवानगी दोघांची लागते: चेहरा, नाव आणि वाक्य ताईंचं, आकडा लॉजचा. कुठे कुठे वापरणार तेही लिहून दिलं: सादरीकरण आणि पीडीएफ. आणि त्यांनी कधीही सांगितलं तर स्लाइड काढून टाकू, हेही. ताईंनी एकच बदल सांगितला. हुद्दा ‘मॅनेजर’ लिहिला होता, तो ‘खोली व्यवस्था प्रमुख’ करायला लावला, कारण लॉजचे मॅनेजर वेगळे आहेत. असा तपशील ओळखीच्या खरेदीदाराच्या नजरेला आला असता तर आकड्यावरही शंका आली असती.

स्लाइडखालच्या नोट्समध्ये दाखवणाऱ्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवल्या: 42 आणि 24 हे मूळ आकडे, धुलाईच्या नगांची दोन्ही वर्षांची बेरीज, जून ते नोव्हेंबर का घेतलं, आणि हे आकडे एकाच लॉजचे, एकाच धोब्याच्या धुलाईचे आहेत. कुणी विचारलं की “आमच्याकडे ब्लीच जास्त वापरतात, तिथेही 8 च का?” तर उत्तर तिथे लिहिलेलं आहे: तसं सांगता येणार नाही, 20 टॉवेल नमुना म्हणून नेऊन तुमच्याच धुलाईत दोन महिने फिरवा आणि बाद व गहाळ वेगळे लिहा.